सुरक्षेचे प्रमाणपत्र नसलेल्या सुपरवायझरला मोठ्या प्रकल्पावर घ्यावे का?

मानेवाड्याचा सुपरवायझर (मूळ प्रश्न)
मी स्थापत्य पदविकाधारक असून नागपुरात बारा वर्षे साइट सुपरवायझर म्हणून काम करतो आहे. वर्धा रोडवरच्या एका मोठ्या इमारतीच्या कामासाठी मुलाखतीला गेलो, तेव्हा सुरक्षेचे प्रमाणपत्र नाही एवढ्याच कारणावरून माझा अर्ज बाजूला ठेवला गेला. ही अट योग्य आहे का? आणि मी पाच दिवसांचा कोर्स करावा, की एक वर्षाची पदविका?

प्रकल्प व्यवस्थापक, सोमलवाडा
अट योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एका जागेसाठी माझ्याकडे शंभराच्या वर अर्ज येतात, प्रत्येकात दहा-बारा वर्षांचा अनुभव लिहिलेला असतो आणि तो अनुभव नेमका कशाचा हे कागदावरून कळत नाही. शिवाय मोठ्या कामांच्या टेंडरमध्ये मालकाचा सल्लागारच सुरक्षेसाठी किती आणि कोणत्या पात्रतेची माणसे हवीत हे लिहून देतो, आणि ती यादी मंजूर झाल्याखेरीज काम सुरू करता येत नाही. कायद्यानेही सुपरवायझरकडे सुरक्षेचे प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे, त्यामुळे येथे कंत्राटदाराच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही.

सुरक्षा अधिकारी, हिंगणा रोड
साहेब, टेंडरबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे, परंतु कायद्याबद्दलचे विधान दुरुस्त करावे लागेल. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार अधिनियमाच्या कलम ३८ नुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सुरक्षा समिती आणि तिच्यासोबत सुरक्षा अधिकारी नेमावा लागत असे. पात्रता ठरवून दिली आहे ती या सुरक्षा अधिकाऱ्याची. दैनंदिन काम पाहणाऱ्या सुपरवायझरसाठी तसे कोणतेही ठराविक प्रमाणपत्र कायद्यात लिहिलेले नाही. नोकरभरतीत ही दोन पदे सर्रास एकत्र केली जातात आणि मग ज्याला सुपरवायझर व्हायचे आहे त्याच्याकडे अधिकाऱ्याचा कागद मागितला जातो, तर ज्याला अधिकारी नेमायचे आहे त्याच्याकडे पाच दिवसांचे प्रमाणपत्र चालवून घेतले जाते. दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त धोक्याची आहे.

केंद्रीय नियमांच्या आठव्या अनुसूचीत अधिकाऱ्यासाठी तीन गोष्टी मागितल्या आहेत. पदवीधराला बांधकामावर पर्यवेक्षणाचा दोन वर्षांचा आणि पदविकाधारकाला पाच वर्षांचा अनुभव हवा. औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेत बांधकाम सुरक्षा हा एक विषय घेतलेला हवा. आणि साइटवरील बहुसंख्य कामगारांची भाषा पुरेशी यायला हवी. ही तिसरी अट मुलाखतीत कोणीच तपासत नाही. आपल्याकडे बालाघाट, छत्तीसगड आणि झारखंडचे मजूर मोठ्या संख्येने असतात, आणि सकाळचे टूलबॉक्स टॉक इंग्रजी फलक वाचून उरकले जाते.

जुना मुकादम, आता सुपरवायझर, कामठी
ताई, तुमच्या लिहिण्यावरूनच सिद्ध होते की कागदाला अर्थ नाही. मी तीस वर्षे खोदकाम आणि सेंट्रिंग केले आहे. माती हातात घेतली की ती किती वेळ उभी राहील हे मला कळते. हे कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही, आणि आज मात्र माझ्या मुलाच्या वयाचा प्रमाणपत्रवाला माझ्यावर साहेब म्हणून येतो.

सुरक्षा अधिकारी, हिंगणा रोड
भाऊ, आपल्या बाजूचाच एक प्रसंग सांगते, कारण तो माझ्या डोळ्यांसमोर घडला आहे. जुलै महिना होता आणि सांडपाण्याच्या पाइपसाठी सुमारे २.४ मीटर खोल चर खणला होता. वरचा थर काळ्या मातीचा आणि खाली मुरूम होता. आपल्याकडचा मुरूम सरळ कापला तरी उभा राहतो, आणि त्यामुळेच वरच्या काळ्या मातीकडे दुर्लक्ष होते. उन्हाळ्यात या मातीला खोल भेगा पडतात, पहिल्या पावसांत त्या भेगांत पाणी शिरते, मातीचे वजन वाढते आणि तिची पकड मात्र सुटते.

त्या सकाळी ज्याच्याकडे काम होते त्या सुपरवायझरचे प्रमाणपत्र वैध होते. त्याने सर्वांचे हेल्मेट आणि बूट पाहिले, रजिस्टरवर सही केली आणि माणसांना खाली उतरवले. खणलेल्या मातीचा ढीग चराच्या काठापासून जेमतेम ६० सेंटिमीटरवर होता. खोदकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे हे अंतर १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तेवढे हवे. येथे निम्मी खोली १.२ मीटर होते, म्हणून १.५ मीटर लागू होते. काठाला समांतर, साधारण हातभर आत, एक बारीक भेग गेली होती. ती मुकादमाने पाहिली, भेगेत काडी घातली, ती कोपरापर्यंत आत गेली आणि त्याने ओरडून तिघांना बाहेर काढले. तासाभरात तोच भाग खाली आला. चार मीटर लांब, अर्धा मीटर जाड आणि दोन मीटर उंच, म्हणजे सुमारे चार घनमीटर माती; ओल्या मातीचे वजन धरले तर सात टनांच्या आसपास.

तेव्हापासून मी उमेदवाराला कार्यालयात बसवून प्रश्न विचारत नाही. त्याला एखाद्या खणलेल्या चराच्या काठावर घेऊन जाते आणि दहा मिनिटे स्वतः काहीही बोलत नाही. तो आधी माणसांच्या डोक्याकडे पाहतो की काठाकडे, ढीग किती जवळ आहे, पोकलेन कोठे उभा आहे, उतरायला शिडी आहे का आणि पाणी कोठे साचले आहे, यांतले त्याला काय दिसते हे मला पाहायचे असते. शेवटी एकच प्रश्न विचारते, की काम थांबवायचे झाल्यास तुम्ही नेमके कोणाला, काय सांगाल.

प्रकल्प व्यवस्थापक, सोमलवाडा
कायद्याबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. तरीही मुकादमाचा अनुभव पुरेसा आहे, असा निष्कर्ष या प्रसंगातून काढू नये. लहान बंगल्यांच्या खोल्यांचे स्लॅब सात दिवसांनी मोकळे करण्याची सवय लागलेला एक अतिशय अनुभवी माणूस माझ्याकडे होता. मोठ्या इमारतीत एका सभागृहाच्या स्लॅबचा गाळा साडेपाच मीटरचा होता, आणि त्याने सातव्या दिवशी टेके काढायला सुरुवात केली. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबलाच सात दिवस चालतात, त्यापुढे चौदा दिवस लागतात, आणि तेही साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी व तापमान पंधरा अंशांखाली न गेल्यास. आमचे सिमेंट फ्लाय ॲशचे होते आणि डिसेंबर महिना होता. नागपुरात त्या दिवसांत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर येतो. पहिल्या ओळीतले चार टेके निघाले असताना आमच्या कनिष्ठ अभियंत्याने पाहिले आणि काम थांबवले, म्हणून निभावले. त्या माणसाने वीस वर्षांत एकही स्लॅब पडू दिला नव्हता, आणि म्हणूनच त्याला शंका आली नाही. अनुभव जेवढ्या आकाराच्या कामावर मिळाला, तेवढ्याच आकारापर्यंत तो खरा असतो. मोठ्या प्रकल्पावर घेताना मला हीच भीती असते.

जुना मुकादम, आता सुपरवायझर, कामठी
ही गोष्ट मी नाकारत नाही. पण तो चौदा दिवसांचा नियम त्याला कोणी समजावून सांगितला होता का? आम्हाला नोकरी नाकारताना प्रमाणपत्र विचारतात, शिकवायच्या वेळी मात्र कोणी विचारत नाही.

आखातातून परतलेला, जरीपटका
मी सहा वर्षे दुबईत होतो आणि माझ्याकडे नेबॉशचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. तेथे ते सर्वत्र चालले, येथे मात्र दोन ठिकाणी सुरक्षा अधिकारी म्हणून घेतले नाही. नागपुरात परदेशी प्रमाणपत्राला किंमत नाही, असे समजावे का?

सुरक्षा अधिकारी, हिंगणा रोड
दादा, हा प्रश्न वेगळा आहे, पण थोडक्यात सांगते. त्या प्रमाणपत्राने ज्ञान मिळते आणि खासगी मालक ते पसंतही करतात. परंतु अनुसूचीत मागितलेली औद्योगिक सुरक्षेची पदविका त्याने भरून निघत नाही. आपण ती पदविका केलेली नसेल, तर अडचण तेथेच आहे. सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून अर्ज करून पाहा.

उपकंत्राटदार, वाडी
एक गोष्ट कोणी लिहिली नाही. अट जितकी कडक होते, तितका कागद भाड्याने घेण्याचा प्रकार वाढतो. मोठा कंत्राटदार माझ्यासारख्याकडे प्रमाणपत्रधारक माणूस मागतो, त्या माणसाचा पगार माझ्या दरात बसत नाही, आणि मग बाजारात कोणाचे तरी प्रमाणपत्र महिन्याच्या रकमेवर मिळते, जो माणूस साइटवर कधीच येत नाही. मी हे केलेले नाही, पण त्यामुळे दोन कामे गमावली आहेत. मालकाच्या सल्लागाराला हे ओळखायचे असेल तर तीन महिन्यांची टूलबॉक्स टॉकची रजिस्टरे आणि कामाची परमिटे शेजारी ठेवून सह्या पाहाव्यात. एकाच शाईने, एकाच बैठकीत केलेल्या सह्या लगेच दिसतात. माणूस आजारी पडतो, रजेवर जातो, त्याची सही कधी घाईत वाकडी होते. ज्या रजिस्टरात एकही दिवस चुकलेला नाही, तेथे मी प्रथम शंका घेईन.

मानेवाड्याचा सुपरवायझर
सर्वांचे आभार. माझ्या पदाचा आणि माझ्याकडे मागितलेल्या कागदाचा मेळ नव्हता, हे आता लक्षात आले. तरी कोणता कोर्स करावा, हे अजून ठरत नाही.

सुरक्षा अधिकारी, हिंगणा रोड
सुपरवायझरच राहायचे असेल तर पाच दिवसांचा कोर्स पुरेल, कारण त्याचा उपयोग मुख्यतः अर्जांच्या पहिल्या चाळणीतून पुढे जाण्यापुरता आहे. अधिकारी व्हायचे असेल तर आपली पदविका आणि बारा वर्षांचे पर्यवेक्षण आधीच जमेस आहे, त्यामुळे एक वर्षाची पदविका करावी. मात्र शुल्क भरण्यापूर्वी बांधकाम सुरक्षा हा विषय त्या संस्थेत प्रत्यक्ष शिकवला जातो का आणि तो गुणपत्रिकेवर येतो का, हे लेखी विचारून घ्या. कारखान्यांच्या दृष्टीने शिकलेले अनेक जण याच एका विषयावाचून बांधकामावर अडकलेले मी पाहिले आहेत.

प्रकल्प व्यवस्थापक, सोमलवाडा
ताई, चराच्या काठावर नेण्याची आपली पद्धत मी पुढच्या भरतीत वापरून पाहीन. मात्र एक शंका राहते. त्या प्रसंगात सुपरवायझरला भेग दिसली असती तरी त्याने काम थांबवले असते का? पाइप टाकणाऱ्याचे बिल मीटरवर निघते आणि सुपरवायझरचा पगार तोच उपकंत्राटदार देतो.

उपकंत्राटदार, वाडी
साहेब, थांबवलेल्या दिवसाचे पैसे आपल्या करारात वेगळे धरलेत, तर थांबवेल. आज एकाही करारात ती ओळ मला मिळालेली नाही.

जुना मुकादम, आता सुपरवायझर, कामठी
ज्या मुकादमाने तिघांना बाहेर काढले, त्याची त्या दिवसाची हजेरी भरली गेली का, ताई?

सुरक्षा अधिकारी, हिंगणा रोड
त्याची भरली. त्या तिघांची अर्धीच भरली होती. दुसऱ्या दिवशी भांडून पूर्ण करून घ्यावी लागली.