मदत हवी आहे: डॉलरच्या बिलाचे पैसे जास्त आले, तरी खात्यात येणं बाकी कसं?

शेवटचा_तपशील (धागाकर्ता)

लवकर उत्तर मिळालं तर बरं, आज रात्री हिशेब पाठवायचाय.

परदेशी ग्राहकाला ५,००० डॉलरचं बिल केलं होतं. त्या दिवशीचा दर ८३.२०, म्हणजे वहीत ४,१६,००० लावले. आता पैसे आले, बँकेत जमा ४,१७,४७७. म्हणजे १,४७७ जास्तच आले ना? पण पावती टाकल्यावर ग्राहकाच्या खात्यात अजून २,०२३ रुपये येणं दाखवतंय. नफा कुठे, येणं कुठे! तीनदा बेरीज केली. फरक कुठे टाकू एवढंच सांगा.

---

चहाटळ

एवढं काय त्यात. २,०२३ विनिमय तोट्यात टाका आणि झोपा. दर खालीवर होणारच.

---

गणपुले_आजोबा

आम्ही तर विक्रीचा आकडाच बदलायचो. बिल किती केलं ते सोडा, हातात किती आलं तीच विक्री. चाळीस वर्षं हिशेब लिहिले, कोणी काही विचारलं नाही.

---

खतावणी

आजोबा, कोणी विचारलं नाही म्हणजे बरोबर होतं असं नाही. विक्री बिलाच्या दिवशी झाली, त्या दिवशीच्या दराने ती कायमची ठरली. नंतर दर हलला तो तुमच्या मालाचा भाव नाही, येणं थकीत राहिलं त्या काळाचा परिणाम आहे. तो वेगळ्या खात्यात जातो. IAS 21 सुद्धा हेच सांगतं.

@शेवटचा_तपशील, एक गंमत बघा. तुम्ही म्हणता १,४७७ जास्त आले, खातं म्हणतं २,०२३ कमी. दोन्हींची बेरीज बरोब्बर ३,५००. आणि ३,५०० म्हणजे ५,००० डॉलरवर ७० पैसे. मध्ये वर्षअखेर येऊन गेली का? कोणीतरी ८३.९० दराने येणं वाढवून ठेवलंय असं वाटतं. बिलाची तारीख, पैसे आल्याची तारीख आणि त्या ग्राहकाच्या खात्याचा पूर्ण उतारा टाका.

---

शेवटचा_तपशील

अरे हो! बिल १२ फेब्रुवारीचं, पैसे २० एप्रिलला. आणि ३१ मार्चला 'विनिमय फरक ३,५००' अशी एक नोंद आहे. ती आमच्या सीएंनी टाकली होती, मला वाटलं त्यांचं काहीतरी असेल. ती उडवून टाकू का? मग जमतंय.

---

खतावणी

अजिबात उडवू नका! ती नोंद बरोबर आहे. वर्ष संपताना ५,००० डॉलर येणं होतंच, त्या दिवशीच्या दराने त्याची किंमत ४,१९,५००. वाढलेले ३,५०० मागच्या वर्षाच्या नफ्यात गेले आणि तो ताळेबंद बंद झाला. आता उडवली तर मागच्या वर्षाचे आकडे हलतील.

म्हणजे पैसे आले तेव्हा वहीत येणं ४,१६,००० नव्हतंच, ४,१९,५०० होतं. तुलना त्याच्याशी करायची.

---

चहाटळ

मग मी काय म्हणालो? ४,१९,५०० वजा ४,१७,४७७ म्हणजे २,०२३ तोटा. माझंच उत्तर, फक्त दोन पानं लांबवलं.

---

खतावणी

आकडा तुमचा बरोबर, नाव चुकलं. ८३.२० ला बिल, ८३.९० ला वर्षअखेर, म्हणजे डॉलर चढत होता. एप्रिलमध्ये तो एकदम घसरला असेल तरच तोटा. बँकेने कोणता दर दिला? आणि डॉलर किती आले? ५,००० च आले का? धागाकर्त्याने हे अजून सांगितलेलं नाही.

---

निर्यात_नवशिका

माझी पण अशीच भानगड आहे. मला ग्राहक आधीच आगाऊ पैसे देतो, काम नंतर. मग वर्षअखेरीला त्या आगाऊ रकमेचा दर बदलायचा का? आमच्याकडे एकजण बदलतो, एक नाही.

---

खतावणी

नाही. परत करायची नसलेली आगाऊ रक्कम डॉलरमध्ये फेडायची नसते, त्या बदल्यात काम द्यायचं असतं. म्हणून तिचा दर आली त्या दिवशीचाच, पुढे विक्री दाखवताना तेवढ्या भागाला तोच दर. पण इथे आगाऊ काही नाही. वेगळा धागा काढा ना, इथे गोंधळ होईल.

---

शेवटचा_तपशील

बँकेची सल्लापत्रिका आत्ता उघडली. ग्राहकाने ५,००० पाठवलेत, त्याने पावतीही दाखवली होती. पण आमच्या बँकेत पोचले ४,९७०. दर ८४.१० लावलाय. आणि खाली 'चार्जेस ५००'. हे ३० डॉलर कुठे गेले?

(हे आधी सांगायला हवं होतं का? मला वाटलं बँकेत किती आले तेवढंच लागतं.)

---

पिवळी_फाईल

३० डॉलर मधल्या बँकेने खाल्ले. पैसे थेट येत नाहीत, वाटेत एखादी बँक असते, ती आपला हात मारते. ग्राहकाकडून SWIFT संदेशाची प्रत मागवा, त्यात 71A नावाची ओळ असते. OUR असेल तर सगळे चार्जेस पाठवणाऱ्याचे, BEN असेल तर सगळे तुमचे, SHA म्हणजे त्याच्या बँकेचे त्याने, बाकीचे तुम्ही. बहुतेक SHA निघेल. मला दर वेळी हाच अनुभव.

---

खतावणी

हेच हवं होतं. आता बघा.

आधी डॉलर संपवायचे, मग रुपयांकडे जायचं. ग्राहकाने ५,००० पाठवले, म्हणजे तुमचं पूर्ण येणं त्याने फेडलं (चार्जेस तुम्ही सोसायचे असं ठरलं असेल तर). ८४.१० ने त्या ५,००० ची किंमत ४,२०,५००. वहीत होते ४,१९,५००. म्हणजे या वर्षी विनिमयात १,००० नफा झालाय. तोटा नाही!

मग पैसे कमी का? वाटेतले ३० डॉलर म्हणजे २,५२३ रुपये आणि बँकेचे ५००, मिळून ३,०२३. हा बँक खर्च. १,००० नफा, ३,०२३ खर्च, उरला उणे २,०२३. तुमचा हरवलेला आकडा हाच.

नोंद अशी:

```
बँक            नावे   ४,१७,४७७
बँक चार्जेस     नावे     ३,०२३
ग्राहक          जमा   ४,१९,५००
विनिमय फरक     जमा     १,०००
```

दोन्ही बाजू ४,२०,५००. मागच्या वर्षीचे ३,५०० आणि हे १,०००, एकूण ४,५००. ८३.२० पासून ८४.१० पर्यंत ९० पैसे, गुणिले ५,०००. तेवढेच यायला हवेत, आले. ही पडताळणी दर वेळी करा, चूक लगेच पकडली जाते.

---

चहाटळ

बरं, मान्य. पण शेवटी नफातोट्यात २,०२३ च उणे होतं ना. एका ओळीत टाकलं काय, दोन ओळींत टाकलं काय.

---

पिवळी_फाईल

फरक पडतो राव. एका ओळीत टाकलं तर वर्षभराने वाटतं की डॉलरने मारलं, आणि माणूस दर पकडून ठेवायच्या मागे लागतो. खरं तर बँक खातेय. मी असंच वर्षभर दराला शिव्या देत होतो, मग पत्रिका काढून बसलो तर सगळं चार्जेसमध्ये जात होतं. बँक बदलली, निम्मं वाचलं.

---

उलटी_नोंद

मला एक कळत नाही, एवढं डोकं का लावताय? १ एप्रिलला सीएंची ३,५०० ची नोंद उलटी फिरवा. ग्राहक परत ४,१६,००० वर. मग पैसे आल्यावर मूळ बिलाशी तुलना करा, ४,५०० नफा. उलट्या नोंदीचे ३,५०० वजा जाऊन वर्षाला १,००० च उरतात. आम्ही सगळीकडे असंच करतो, सोपं पडतं.

---

खतावणी

चालतं. फक्त एक ठरवा. उलटी नोंद केली आणि तरीही ४,१९,५०० शी तुलना केली, किंवा एका ग्राहकाला फिरवलं आणि दुसऱ्याला विसरलं, की ३,५०० एकतर दोनदा लागतात नाहीतर गायब होतात. धागाकर्त्याकडे फिरवलेली नाही हे नक्की, नाहीतर खात्यात २,०२३ येणं न दिसता १,४७७ जास्तीचे दिसले असते.

---

टॅलीवाला

सगळे हाताने का लढताय? टॅलीत डॉलर चलन तयार करा, बिल डॉलरमध्येच टाका. बिलाशी पावती जोडली की फरक आपोआप ताळेबंदात `Unadjusted Forex Gain/Loss` म्हणून दिसतो, मग जर्नलने तो विनिमय फरकाच्या खात्यात वळवायचा. संपलं.

---

खतावणी

बरोबर, पण ३० डॉलरचं काय करायचं ते टॅली सांगत नाही. पावती ४,९७० ची टाकली तर ३० डॉलर बिलावर लोंबकळत राहतील.

पण डॉलर कॉलम ठेवायचा सल्ला एकदम पटला. @शेवटचा_तपशील, तुम्ही फक्त रुपयांत खातं ठेवताय म्हणून अडलात. डॉलर कॉलम शून्य आणि रुपयांत काही उरलं, तर तो विनिमय फरक, बिनधास्त वळवा. डॉलर कॉलममध्येच काही उरलं, तर ते दराचं प्रकरण नाही, कोणाकडून तरी डॉलर कमी आलेत. त्याला आधी शोधा.

---

शेवटचा_तपशील

नोंद टाकली, खातं शून्य झालं!!! ग्राहकाला 71A बद्दल मेल टाकलाय. पण आमच्या करारात 'बँकेचे सर्व चार्जेस ग्राहकाचे' असं लिहिलंय, आत्ता वाचलं.

आणि एक. त्या दिवशी बाजारात दर ८४.४० दाखवत होता, बँकेने ८४.१० दिला. मग नफा ८४.४० ने मोजायचा का?

---

पिवळी_फाईल

करार तसा असेल तर ३० डॉलर खर्चात टाकू नका ना! ते येणंच आहे. ग्राहक जमा फक्त ४,९७० डॉलरचं करा, ३० त्याच्या नावावर राहू द्या आणि पुढच्या बिलात मागा.

---

उलटी_नोंद

८४.४० ने मोजा. बँक ३० पैसे कापते तो तिचा नफा, तोही खर्चच. मग विनिमय नफा २,५०० दिसेल आणि चार्जेस ४,५२३.

---

खतावणी

मी ८४.१० नेच करतो, पैसे प्रत्यक्षात त्याच दराने हातात पडले. पण ८४.४० वाल्यांना चूक म्हणणार नाही, बँक किती खाते ते त्यात स्वच्छ दिसतं. तुमच्या सीएंनी ३१ मार्चला ८३.९० कुठून घेतला ते विचारा, बाजाराचा होता की बँकेचा. निदान दोन्हीकडे एकाच जातीचा दर हवा.

---

गणपुले_आजोबा

म्हणूनच म्हणतो, हातात आलं तेवढं लिहा.

---

शेवटचा_तपशील

सीए फोन उचलत नाहीयेत. ३० डॉलर तूर्त ग्राहकाच्या नावावर ठेवलेत, बाकी ८४.१० ने पाठवतोय. 71A चं उत्तर आलं की इथे लिहितो.