अनुभव धागा: न विचारता आलेलं आधार, पॅन, पासबुक. तुम्ही काय केलंत, पाठवणाऱ्याला काय सांगितलंत?

कृष्णाकाठ

मी सांगलीत एका करसल्लागारांच्या कार्यालयात काम करते. विवरणपत्रांचा हंगाम सुरू झाला की कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कागद येतात. नमस्कार नाही, नाव नाही, कशासाठी तेही नाही. नुसते फोटो. आमच्या अशिलांचं एक वेळ ठीक, पण गेल्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून चार फोटो आले: आधार दोन्ही बाजूंनी, पॅन आणि पासबुकाचं पहिलं पान. त्या एका पानावर नाव, पत्ता, खाते क्रमांक, आयएफएससी, ग्राहक क्रमांक आणि मोबाइल नंबर एवढं सगळं होतं.

मी लगेच फोन केला. आलेल्या फोटोखालीच उत्तर लिहिलं की तो फोटो पुन्हा वर येतो, म्हणून अशा वेळी मी लिहीत नाही. पलीकडे तासगाव बाजूचे एक काका होते. त्यांना शेजारच्या गावातल्या सेवा केंद्राला कागद द्यायचे होते, आणि आमचा नंबर त्या केंद्राच्या नंबरपेक्षा एका आकड्याने वेगळा. मी कागदावरचा एकही आकडा वाचून दाखवला नाही. आधी नाव आणि गाव त्यांच्याच तोंडून ऐकलं, मग सांगितलं, "काका, कागद चुकीच्या ठिकाणी आलेत. घाबरू नका. मी माझ्याकडचे काढून टाकते. तुम्ही त्या फोटोंवर बोट दाबून धरा आणि 'सर्वांसाठी हटवा' निवडा." ही सोय पाठवल्यापासून साधारण अडीच दिवसच असते, म्हणून फोन चालू असतानाच करून घेतलं.

त्यानंतर माझ्या बाजूचं काम. कार्यालयाच्या फोनमध्ये आलेले फोटो आपोआप गॅलरीत उतरतात आणि तिथून गुगल फोटोजवर चढतात. गप्पांतून गेले तरी तिथे राहतात. गॅलरी, गुगल फोटोज आणि त्यातली कचरापेटी तिन्ही पाहिलं. कचरापेटीतला फोटो बॅकअप झालेला असेल तर 60 दिवस टिकतो. तोही काढला.

काकांचा शेवटचा प्रश्न होता, "आता खात्यातले पैसे जातील का?" त्याला नीट उत्तर देता यावं म्हणून हा धागा काढते आहे. तुमच्याकडे असं आलं तेव्हा काय केलंत, आणि समोरच्याला न दुखावता कसं सांगितलंत?

ठाणेकर_सचिव

आमच्या सोसायटीत 140 घरं. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, म्हणून समितीने गटावर सूचना टाकली, "भाडेकरूंनी कागदपत्रे द्यावीत." कुठे द्यावीत ते लिहिलं नव्हतं. अर्ध्या तासात गटावर सहा जणांची आधार कार्डं, एकाचा पासपोर्ट आणि एकाचा रद्द केलेला धनादेश. धनादेशावर सहीसुद्धा! रद्द केलेल्या धनादेशावर सहीची गरज नसते, तरी बहुतेक लोक सवयीने करतात.

गटाचा प्रशासक इतरांचे संदेशही सर्वांसाठी हटवू शकतो, तसं लगेच हटवलं. पण तोवर कितीजणांच्या फोनमध्ये ते उतरले होते हे कोण सांगणार? त्यामुळे हटवून थांबलो नाही, प्रत्येकाला वेगळा फोन केला. मला वाटतं, दोष पाठवणाऱ्यांचा नाहीच. सूचना अर्धवट असेल तर माणूस समोर दिसेल त्या खिडकीत कागद टाकणार. आता आमची सूचना अशी असते: कोणता कागद, कोणाच्या वैयक्तिक नंबरवर किंवा हातात, आणि काम झाल्यावर तो कधी काढून टाकला जाईल.

नितळ

थोडी जास्त भीती वाटते आहे का आपल्याला? आधार क्रमांक नुसता माहीत असून काहीच करता येत नाही. प्रत्येक गोष्टीला ओटीपी लागतो. 2022 च्या मे महिन्यात प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने 'छायाप्रत देऊ नका' असं पत्रक काढलं होतं आणि दोन दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. म्हणजे धोका नाहीच.

निवृत्त_रोखपाल

नितळ, पत्रक मागे घेतलं हे बरोबर. पण मागे घेताना लोकांनी नेहमीची खबरदारी घ्यावी असंही म्हटलं होतं. 'धोका नाहीच' असा त्याचा अर्थ होत नाही.

ओटीपीचंही अर्धंच खरं. गावात बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढतात ना, तिथे ओटीपी नसतो. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर व्यवहार होतो. ठसा कुठून मिळणार, असं वाटेल. जमीन-घराच्या नोंदणीकृत दस्तांच्या प्रतींवरून ठसे उचलून त्यांच्या नकला केल्याची प्रकरणं तेलंगणासह काही राज्यांत पोलिसांनी उघड केली आहेत. म्हणजे आधारचा फोटो एकटा पुरत नाही, पण तीनपैकी दोन गोष्टी काकांच्या त्या चार फोटोंतच होत्या.

तरी मी 33 वर्षं बँकेत काढली, त्यावरून सांगतो: बहुतेकांचे पैसे अशा तंत्राने जात नाहीत, फोनवर विश्वास ठेवल्याने जातात. पासबुकाचं पान हातात असलेला माणूस फोन करून म्हणतो, "अमुक शाखेतून बोलतोय, तुमच्या खात्याचे शेवटचे आकडे हे, जन्मतारीख ही, पत्ता हा, बरोबर?" तीन गोष्टी बरोबर निघाल्या की चौथी, म्हणजे ओटीपी, माणूस आपणहून सांगतो. म्हणून काकांना सांगा की खाते क्रमांकावरून कोणी पैसे काढू शकत नाही, पण पुढचे काही महिने "बँकेतून बोलतोय" असा फोन आला, तर समोरच्याला कितीही माहिती असली तरी तो ठेवून द्यायचा आणि शाखेत स्वतः जायचं.

बोटांच्या ठशांना कुलूप लावायची सोय myaadhaar.uidai.gov.in वर आणि आधारच्या अ‍ॅपमध्ये आहे. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल चालू हवा.

मोगरा_नाशिक

माझा अनुभव पॅनचा. पत अहवाल पाहिला तर मी कधीच न घेतलेलं छोटं कर्ज माझ्या नावावर, तेही थकीत. कागद कुठून गेले ते आजही कळलेलं नाही. नोकरीसाठी, घरभाड्यासाठी, सिमसाठी, किती ठिकाणी दिले होते!

लोकांना एक सांगते. अहवालात कर्जांच्या यादीशिवाय 'चौकशी' असा वेगळा भाग असतो. कोणत्या संस्थेने कधी तुमची माहिती मागवली ते तिथे दिसतं. तुम्ही अर्ज केलेला नसताना एखादं नाव दिसलं, तर कर्ज मिळालेलं नसलं तरी कोणीतरी तुमचं पॅन वापरून पाहिलं असण्याची शक्यता आहे. माझ्याही अहवालात कर्जाच्या आधी दोन अनोळखी चौकश्या होत्या. देशात अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही एकदम न मागवता मी तीन-तीन महिन्यांनी एक मागवते.

तक्रार मी कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, दोन्हीकडे केली, cybercrime.gov.in वरही नोंदवली. नोंद निघाली, पण फार खेटे घालावे लागले.

बाळू_पाटील

माझं पॅन-आधार जोडलेलं नाही असा मेसेज आला आहे. दोन्हीचे फोटो तयार आहेत. इथेच टाकू का, की कोणाला पाठवू? पासबुक पण लागेल का?

कृष्णाकाठ

बाळूदादा, इथे अजिबात टाकू नका, आम्हा कोणालाही पाठवू नका. आयकराच्या अधिकृत संकेतस्थळावर स्थिती बघता येते, त्याला कागदांचे फोटो लागत नाहीत, पासबुकही नाही. आलेल्या मेसेजमधल्या दुव्यावर जाऊ नका. अडलं तर पॅन-आधार घेऊन जवळच्या ओळखीच्या करसल्लागाराकडे स्वतः जा.

बाळू_पाटील

बरं ताई. मेसेजमध्ये दुवा होता खरा. उघडला नाही अजून.

डीटीपीवाला_लातूर

माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. लोक छपाईसाठी दुकानाच्या नंबरवर कागद पाठवतात आणि संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप दिवसभर उघडं असतं. मी रोज दुकान बंद करताना डाउनलोडचा फोल्डर रिकामा करतो. बहुतेक ठिकाणी होत नाही, म्हणून तुमच्या दुकानदाराला तोंडावर सांगा, "छापून झालं, आता माझ्यासमोर काढ." त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

दुसरं, आकडे झाकण्याबद्दल. मोबाइलमधल्या मार्करने काळं केलेलं अनेकदा अर्धपारदर्शक असतं, उजेड वाढवला की खालचा आकडा वाचता येतो. पीडीएफवर काळा चौकोन ठेवला तर खालची अक्षरं बऱ्याचदा तशीच राहतात, कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की दिसतात. लांब आधारपत्रावर क्रमांक एकाहून जास्त ठिकाणी असतो, लोक एकच झाकतात. आणि जुन्या आधारवरच्या क्यूआर कोडमध्ये पूर्ण बारा आकडे साध्या अक्षरांत असायचे. वरचा क्रमांक झाकून कोड उघडा ठेवला, तर झाकून काही उपयोग नाही.

त्यापेक्षा संकेतस्थळावरून आधार उतरवतानाच 'मास्क्ड' पर्याय निवडा, शेवटचे चारच आकडे येतात. तिथली पीडीएफ कुलूपबंद असते, पण नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष हाच पासवर्ड असतो. ओळखीच्या माणसाला तो सहज कळेल, त्या कुलपावर विसंबू नका.

परदेशस्थ_कोल्हापूर

मी जर्मनीत असतो. आईबाबा प्रत्येक कागद कुटुंबाच्या गटावर टाकतात, "हरवायला नको म्हणून." गटात आत्या, मामा, त्यांची मुलं, सगळे. 'असं करू नका' म्हटलं की आई म्हणते, "घरचेच तर आहेत." घरच्यांवर अविश्वास नाही, पण चुलतभावाचा फोन दुरुस्तीला गेला की आईचं पासबुकही त्याच्याबरोबर जातं, हे सांगितल्यावर तिला पटलं. आता आधार-पॅन डिजिलॉकरमध्ये आहे. बाकीचे जुने फोटो गटातून काढणं मात्र जमलेलं नाही. अडीच दिवसांची मुदत केव्हाच संपली.

ठाणेकर_सचिव

परदेशस्थ, त्यावर एकच मार्ग दिसतो, प्रत्येकाने आपापल्या फोनमधून काढणं. आमच्याकडे एकेकाला विनवावं लागलं. सगळ्यांनी काढलं असेल अशी खात्री मला आजही नाही.

कृष्णाकाठ

वरचं सगळं वाचून काकांना पुन्हा फोन केला. sancharsaathi.gov.in वर त्यांच्या नावावरची सिम पाहिली. तीन निघाली, दोन घरातली, तिसरं त्यांना आठवेना. 'माझं नाही' अशी नोंद केली. ते चार फोटोंमुळेच निघालं असं म्हणता येणार नाही, आधीचंही असेल. पैसे गेले तर लगेच 1930 वर फोन करायचा, हा नंबर त्यांच्या सुनेकडून भिंतीवर लिहून घेतला. ठशांना कुलूप लावायला मात्र ते तयार नाहीत. घरचं रेशन त्यांच्याच अंगठ्यावर येतं.

निवृत्त_रोखपाल

त्यांचं बरोबर आहे. कुलूप असताना रेशन दुकानात अंगठा चालत नाही. जायच्या आधी ते तात्पुरतं उघडता येतं, पण त्यासाठी दुकानापाशी रेंज आणि ओटीपी येणारा फोन दोन्ही जवळ हवेत. घरात दुसऱ्या कोणाचं नाव रेशनकार्डावर असेल तर अंगठा त्यांचा लावायचा आणि कुलूप काकांच्या ठशांना, असं जमतंय का ते सुनेला विचारून बघा.