मदत हवी आहे: हजेरी ७२.८७ टक्के, विद्यार्थी परिषदेची निवडणूक लढवता येईल का?

सायली_दादर: मी एसवाय बीएला आहे, वय १९. सचिवपदासाठी अर्ज भरायचा आहे आणि छाननी सोमवारी आहे. नोटिशीत ७५ टक्के हजेरी, एकही विषय राहिलेला नको आणि शिस्तभंगाची कारवाई नको, असं लिहिलंय. मागच्या वर्षीच्या १८८ लेक्चर्सपैकी मी १३७ ला हजर होते. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात ९ लेक्चर्स बुडाली, ती गैरहजेरीतच धरली आहेत. शिवाय वर्गात मोबाईल वाजला म्हणून एकदा माफीपत्र लिहून दिलं होतं. मनापासून तयारी केली आहे, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

ओंकार_ठाणे: माफीपत्र दिलंस ना? मग संपलं. शिस्तभंग झाला की उमेदवारी बाद.

मंदार_काका: ओंकार, इतकं सरळ नाही. या अटी लिंगडोह समितीच्या आहेत, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेल्या. त्यात शिस्तभंगाची 'कारवाई' झालेली नसावी असं आहे. सायली, तुला लेखी आदेश मिळाला होता का, निलंबनाचा किंवा दंडाचा? नसेल, तर नुसतं माफीपत्र म्हणजे कारवाई नव्हे, असं माझं मत. तरी ऑफिसात जाऊन तुझ्या फाईलमध्ये काय लागलंय ते बघून ये.

आता हजेरी. १८८ चे ७५ टक्के म्हणजे १४१, तुला चार कमी पडतात. शिबिराची ९ धरली तर १४६, म्हणजे ७७.६६ टक्के. पण ती ९ मस्टरवर चढलेली हवीत. एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांचं तारखांसह पत्र घे, उपप्राचार्यांची सही घे आणि छाननीच्या आधी सुधारित हजेरीचा दाखला काढ. छाननीच्या टेबलावर तोंडी सांगितलेलं कोणी धरत नाही.

रेश्मा_कुर्ला: माझं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये होतं, मेडिकल सर्टिफिकेट दिल्यावर परीक्षेला बसू दिलं. तुलाही तसंच करतील.

मंदार_काका: रेश्माताई, ती परीक्षेपुरती माफी. त्याने टक्केवारी वाढत नाही, तूट फक्त पोटात घातली जाते. निवडणुकीला तीच सवलत लागू होते असं कुठे लिहिलेलं नाही. सायलीचा मुद्दा वेगळा आहे, ती कॉलेजच्याच कामावर होती.

सायली_दादर: लेखी आदेश काहीच नव्हता! पत्र उद्याच घेते. पण एक विषय एटीकेटीत होता, तो एप्रिलमध्ये सुटला. चालेल?

मंदार_काका: चालायला हवं. अट निवडणूक लढवण्याच्या वर्षात विषय थकीत नसण्याची आहे. नवी गुणपत्रिका अर्जाला जोड, जुनी लावलीस तर तिथेच अडकशील.

ओंकार_ठाणे: पण हजेरी कुठली धरणार? निवडणूक सत्र सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत घ्यायची असते. मग गेल्या वर्षीची, की जूनपासूनची? जुलैत रुळांवर पाणी होतं तेव्हा आमचे निम्मे लोक पोहोचलेच नव्हते.

मंदार_काका: हा प्रश्न बरोबर आहे. आमच्या कॉलेजात मागच्या वर्षाची धरली होती, शेजारच्या कॉलेजात चालू सत्राची. सायली, निवडणूक अधिकाऱ्यांकडून हे लेखी घे.

सायली_दादर: जूनपासूनची ८१ टक्के आहे. दोन्ही दाखले काढते. सोमवारी काय झालं ते इथेच लिहीन.