पेटंट म्हणजे सरकारी शिक्क्याची लूट?

खवचट_खंडू (मूळ पोस्ट): शोध लावला म्हणून वीस वर्षं दुसऱ्या कोणी बनवायचंच नाही? टीबीच्या बेडाक्विलीनवर जॉन्सन अँड जॉन्सनने वीस वर्षं गल्ला भरला, रुग्ण मेले. औषधांवरची पेटंटं सरसकट रद्द करा.

औंधकर: वीस वर्षं गल्ला? घड्याळ अर्जाच्या दिवशी चालू होतं, औषध दुकानात आल्यावर नाही. या रेणूचा अर्ज जुलै २००३ चा. अमेरिकेत मंजुरी डिसेंबर २०१२ मध्ये, भारतात २०१५ मध्ये, आणि इथलं पेटंट जुलै २०२३ मध्ये संपलं. म्हणजे विकायला जेमतेम आठ वर्षं, बाकीची चाचण्यांत गेली. चाचणीत रेणू नापास झाला असता तर तो खर्च कोण भरून देणार होतं, तुम्ही? टीबीवर चाळीस वर्षं नव्या प्रकारचं औषध आलं नव्हतं, कारण रुग्ण गरीब. त्यात पेटंटही काढून घेतलंत तर पुढचं औषध कोण शोधेल? मी याच धंद्यात आहे, म्हणून चिडून लिहितोय.

मीरा_दादर: तारखा बरोबर, गोष्ट अर्धीच. चाचण्यांत सरकारी आणि देणग्यांचा पैसाही होता, तो तुमच्या हिशेबात दिसत नाही. दुसरं म्हणजे गोळीत नुसता रेणू नसतो, त्याचं आम्लाशी जोडलेलं रूप, म्हणजे फ्युमरेट सॉल्ट असतं, आणि त्या सॉल्टवर कंपनीने वेगळा अर्ज टाकला होता. तो मंजूर झाला असता तर मूळ पेटंट संपूनही २०२७ पर्यंत इथे दुसऱ्या कोणाला ती गोळी बनवता आली नसती. मुंबईची नंदिता व्यंकटेशन, टीबीच्या औषधांनी जिचे कान गेले, आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले, दोघींनी मंजुरीआधीच विरोध नोंदवला. आपल्याकडे तसा विरोध कोणालाही करता येतो. माहीत असलेल्या पदार्थाचं नवं सॉल्ट केलंत तर गुण वाढला हे दाखवा, असं कलम ३(डी) म्हणतं. मार्च २०२३ मध्ये अर्ज फेटाळला गेला. ऑगस्टमध्ये जागतिक टीबी खरेदीच्या टेंडरात लुपिन उतरली आणि मूळ कंपनीने एका कोर्सचा भाव १३० डॉलरवर आणला.

औंधकर: आणि लुपिनचा १९४! तेही सांगा की. मूळ कंपनीच स्वस्त निघाली.

मीरा_दादर: निघाली ना. दुसरा दारात उभा राहिल्यावर.

आजऱ्याचा_काजू: औषधांचं राहू द्या, माझं ऐका. काजू सोलायचं मशीन केलं. बी लहान असो की मोठं, पातं स्प्रिंगवर आपसूक मागे सरतं, गर फुटत नाही. कृषी प्रदर्शनात मांडलं, लोकांनी मोबाईलवर फोटो काढले. पुढच्या हंगामात शेजारच्या तालुक्यातल्या एकाने तेच विकायला काढलं. माझा एक बोल्ट चुकीच्या जागी होता, तोही त्याने तिथेच मारला! पेटंटचा अर्ज केला तर हरकत आली. कुठाय तुमचं बक्षीस?

मीरा_दादर: प्रदर्शन आधी की अर्ज आधी?

आजऱ्याचा_काजू: प्रदर्शन आधी. गिऱ्हाईक आहे का ते बघायला नको?

मीरा_दादर: मग नवेपण तिथेच संपलं. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनाला बारा महिन्यांची सवलत आहे, तालुक्याच्या मंडपाला नाही.

आजऱ्याचा_काजू: म्हणजे दाखवलं तर गेलं, आणि न दाखवता विकायचं कुणाला? हा कायदा वकील पोसायला केलाय.

औंधकर: अर्ज आधी केला असतात तरी साधारण दीड वर्षाने तो ड्रॉइंगसकट प्रसिद्ध होतो, आणि मंजुरी मिळेपर्यंत नकलाकारावर दावा लावता येत नाही. मंजुरीनंतर मागची भरपाई मागता येते, तोवर त्याचे हंगाम होऊन जातात. जर्मनीत अशा बारक्या सुधारणांना तपासणीशिवाय दहा वर्षांपर्यंतचं छोटं संरक्षण आहे. चीनमध्येही आहे. आपल्याकडे नाही.

खवचट_खंडू: वा! छोट्याला एक मिळत नाही, मोठ्याला एका गोळीवर दोन हवीत. माझंच म्हणणं सिद्ध झालं.

आजऱ्याचा_काजू: तू गप रे. रद्द करा म्हणणारा तूच ना? रद्द झालं तर त्या नकलाकाराला मी काय दाखवू, हळदीकुंकवाची पत्रिका?

औंधकर: सॉल्टच्या अर्जाची बाजू मी घेत नाही, लिहून ठेवा. पण सॉल्ट म्हणजे वरून टाकलेलं चिमूटभर मीठ नव्हे. ते नीट जमलं नाही तर औषध अंगाला लागत नाही. वर्षं जातात त्यात.

मीरा_दादर: मेहनत आहेच. पण मेहनतीला मक्ता देत नाहीत, शोधाला देतात. फ्युमरेट या कामात जुनंच आहे.

औंधकर: जमलं की सगळंच सोपं वाटतं, मॅडम.

नर्स_गोवंडी: १८८ गोळ्यांचा कोर्स असतो. पहिले दोन आठवडे रोज चार, मग बावीस आठवडे, आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन. सुरुवातीच्या काळात औषध ठरावीक केंद्रांतच मिळायचं. पेटंट उद्या उठलं असतं तरी ते आमच्या वॉर्डात लगेच पोचलं नसतं. यावर कोणी बोलत नाही.

खवचट_खंडू: बरं, 'वीस वर्षं गल्ला' मागे घेतो. आठ वर्षं गल्ला. खूश?

आजऱ्याचा_काजू: ते जर्मनीचं इथून भरता येतं का?

मीरा_दादर: येतं. हक्क फक्त जर्मनीत मिळेल.

आजऱ्याचा_काजू: तिथं काजू कोण सोलतंय?