मदत हवी आहे: टीव्हीच्या भिंतीवरचं फ्लूटेड पॅनेल रेंडरमध्ये सपाट का दिसतंय?

रेंडरवेडा:
ब्लेंडरच्या सायकल्समध्ये हॉलचं रेंडर करतोय. टीव्हीमागे लाकडी फ्लूटेड पॅनेल आहे, २४०० मिमी रुंद, पन्हळी उभ्या. वर छताच्या खाचेत स्ट्रिप लाइट लपवली आहे आणि तिचा उजेड पॅनेलवरून खाली उतरतो. पन्हळीसाठी मटेरियलमध्ये `Bump` वापरलंय. अडचण दोन ठिकाणी आहे. स्ट्रिपच्या खालीच चार बोटं पांढरा जळलेला पट्टा दिसतो आणि बाकीचं पॅनेल तर रेघा मारलेल्या वॉलपेपरसारखं वाटतं. `Bump` वाढवत नेला तर लाकूड घाणेरडं दिसायला लागतं. चुकतंय कुठे?

भरपूरउजेड:
`View Transform` काय ठेवलंय? `Standard` असेल तर पट्टा जळणारच. `AgX` कर आणि स्ट्रिपची `Strength` दुप्पट कर. उजेड कमी पडला की पन्हळी मरतात.

सुट्टीचावार:
आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं. स्ट्रिपचे ठिपके ठिपके दिसायचे, मग सुताराने दुधी झाकण असलेलं प्रोफाइल बसवलं. ते घ्या, शंभर टक्के फरक पडेल.

रेंडरवेडा:
@सुट्टीचावार, माझी भिंत अजून फक्त स्क्रीनवरच आहे हो :) @भरपूरउजेड, `Standard`च होतं. `AgX` केल्यावर पट्टा बराच निवळला. पण `Strength` दुप्पट केल्यावर पॅनेल नुसतं उजळलं, उठाव काही आला नाही.

रंधा:
येणारही नाही. पन्हळी उभ्या आणि उजेडही वरून खाली, म्हणजे तो पन्हळीच्या लांबीनेच वाहतो. उंचवट्याची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखीच उजळते, मग डोळ्याला खोली कळायची कशी? उजेड पन्हळीला आडवा गेला पाहिजे.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, करून बघ. पॅनेलला साधं राखाडी मटेरियल दे, टेक्स्चर काढ, `Bump` राहू दे, बाकीचे सगळे दिवे बंद कर. आता तीच स्ट्रिप उभी करून पॅनेलच्या डाव्या कडेला ठेव, पॅनेलच्या तोंडापासून ६० मिमी पुढे. नंतर तिच्यापुढे एक उभी फळी आली की ती कॅमेऱ्याला दिसणार नाही.

जळलेला पट्टा वेगळ्या कारणाने येतोय. वरची स्ट्रिप लाकडाला जवळजवळ चिकटलेली असेल.

रेंडरवेडा:
हो, २० मिमीवर होती! ८० वर नेली, पट्टा पसरून मऊ झाला. आणि स्ट्रिप बाजूला उभी केल्यावर राखाडी पॅनेलमध्ये एकेक पन्हळ मोजता येतेय. पण आता नवीन दुखणं. स्ट्रिपजवळसुद्धा खाचा पुरेशा काळ्या होत नाहीत आणि उजवा निम्मा भाग अंधारात गेलाय.

रंधा:
खाचा काळ्या होत नाहीत कारण खाचाच नाहीत. `Bump` फक्त उजेडाला पृष्ठभाग कलला असल्याचं भासवतो. एका पन्हळीची सावली शेजारच्या पन्हळीवर पडत नाही. पॅनेलची वरची कड जवळून बघ, सरळ रेघ दिसेल. खऱ्या पॅनेलची कड नागमोडी असते. एकच पन्हळ मॉडेल कर, २४ मिमी रुंद, ८ मिमी खोल, आणि `Array`ने १०० वेळा लाव. २४०० बरोबर भरतात.

अंधाराला मात्र इलाज अर्धाच आहे. ६० मिमी पुढे असलेल्या स्ट्रिपचा उजेड १२०० मिमीवर पोचेपर्यंत तीन अंशांहूनही कमी कोनात येतो. म्हणजे तो जवळजवळ पॅनेलला समांतर असतो आणि त्यातलं फारच थोडं लाकडावर पडतं. दोन्ही कडांना स्ट्रिप लावलीस तर मधला टीव्ही अंधारात राहील, जे मला तरी आवडतं.

भरपूरउजेड:
१०० पन्हळी मॉडेल करायच्या? लांबच्या फ्रेममध्ये कोण बघतंय?

रंधा:
लांबच्या फ्रेममध्ये `Bump` चालेल, हे मान्य. पण त्याच्या फ्रेममध्ये पॅनेल ९०० पिक्सेल रुंद असेल तर एका पन्हळीला ९ पिक्सेल मिळतात, तेवढ्यात सावली दिसते. खरी भीती उलटीकडून आहे. चित्र बारीक करून पाठवलं आणि पन्हळीला दोनच पिक्सेल उरले, की पॅनेलवर लाटा दिसायला लागतात.

रेंडरवेडा:
`Array` केलं. वरची कड नागमोडी झाली आणि स्ट्रिपजवळच्या खाचांत खरी सावली बसली. एकच लोचा उरलाय: क्लायंटला वरचीच स्ट्रिप हवी आहे, बाजूला फळी नको म्हणतात.

रंधा:
मग स्ट्रिपला पन्हळी दाखवायला लावू नकोस, ते काम खिडकीला दे. खिडकी कुठे आहे?

रेंडरवेडा:
डावीकडेच. पण रेंडर रात्रीचं आहे.

सुट्टीचावार:
पन्हळी आडव्या केल्या तर? आमच्या आडव्याच आहेत, वरच्या दिव्यात छान दिसतात. धूळ बसते तेवढीच.

रंधा:
हे बरोबर बोललात! क्लायंटला दोन्ही चित्रं पाठव: उभ्या पन्हळी आणि संध्याकाळची खिडकी, किंवा आडव्या पन्हळी आणि रात्र.

रेंडरवेडा:
आज रात्री दोन्ही लावून ठेवतो. आडव्यामुळे भिंत बुटकी वाटेल का, हे चित्र आल्याशिवाय सांगता येत नाही.