पुश चेन की ड्रॅग चेन? इंग्रजी स्वर वर सरकले ते कुणामुळे?

चौकसबुद्धी: साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर एकेक पायरी वर सरकले. पुश म्हणजे खालच्याने वरच्याला ढकललं, ड्रॅग म्हणजे वरची जागा रिकामी झाली म्हणून खालचा ओढला गेला. मला ड्रॅगच पटते. जागा रिकामी नसताना कुणी वर सरकेल कसं?

सुमेधा, कोल्हापूर: आधी आकृती बघा. डावीकडे जीभ पुढे, उजवीकडे मागे. जुने उच्चार आहेत.

```
टाइम     आइ ← ई      ऊ → आउ   माउस
              ↑      ↑
मीट-भेटणे     ए      ओ        मून
              ↑      ↑
मीट-मांस      ऍ      ऑ        स्टोन
              ↑
नेम           आ
```

म्हणजे 'मून' पूर्वी 'मोन'सारखा होता आणि 'माउस' होता 'मूस'. ई आणि ऊ आधीच टोकाला, त्यांना वर जागाच नाही, म्हणून ते फुटून जोडस्वर झाले. भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सनच्या मते हे फुटणं आधी झालं आणि बाकीचे मागोमाग वर गेले. ही तुमची ड्रॅग चेन.

आता स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंड बघा. तिथे १३०० च्या सुमारास 'मोन'मधला ओ मागची जागा सोडून तोंडात पुढे आला होता, ओठ गोल ठेवूनच. म्हणजे ऊच्या खाली ढकलायला कुणी उरलं नाही. आणि तिथेच ऊ जागेवर राहिला! स्कॉटिश माणूस आजही हाउसला 'हूस' आणि माउसला 'मूस' म्हणतो. ऊ आपणहून फुटणार होता, तर तो तिथेही फुटायला हवा होता. पुश चेन मांडणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ लुइकचा हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात भक्कम आहे.

गाणारा_गण्या: स्वर वर गेला म्हणजे सूर चढला का? आमच्याकडे बायका हाक मारताना शेवटचा स्वर चढवतात, तसं?

सुमेधा, कोल्हापूर: नाही दादा, सुराचा इथे संबंध नाही. वर म्हणजे जीभ टाळूकडे. आरशासमोर आ, ए, ई ओळीने म्हणा, जबडा मिटत जाताना दिसेल.

प्रा_निवृत्त: पुश चेन मला मान्य नाही. वरचा स्वर सरकतो तो शब्दांची गल्लत होऊ नये म्हणून, असंच ना? मग भेटण्याचं मीट आणि मांसाचं मीट एकसारखं का झालं? टक्कर झालीच की.

सुमेधा, कोल्हापूर: सर, टक्कर झाली हे खरं. पण ती नंतरची. सुरुवातीला ए आणि ऍ दोघंही वर गेले तेव्हा त्यांच्यातलं अंतर टिकलं होतं. शिवाय एक झालेली ही जोडी ड्रॅगलाही तितकीच अडचणीची आहे, कारण रिकाम्या जागेत सरकणाऱ्याने कुणावर आदळायचं कारण नाही.

ऑकलंडची_आई: मला यातलं फार कळत नाही, पण इकडे मुलाच्या बाई 'पेन' म्हणतात ते मला 'पिन' ऐकू येतं, 'बॅट'चं 'बेट' आणि 'फिश'चं 'फश'. हे तेच का?

सुमेधा, कोल्हापूर: ताई, हे ऱ्हस्व स्वर आहेत, पण प्रकार तोच, आणि इथे तर आवाजाचा पुरावा आहे. १९४६ ते १९४८ मध्ये न्यूझीलंड रेडिओची फिरती गाडी गावोगाव म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करत होती. त्यातले काही १८५० च्या दशकात जन्मलेले. जन्मसालाप्रमाणे ऐकत गेलं की आधी बॅटचा स्वर वर गेलेला दिसतो, मग पेनचा, आणि फिशचा सगळ्यात शेवटी बाजूला होतो. खालून वर, म्हणजे पुश.

चौकसबुद्धी, जागेचं उत्तरही यातच आहे. आपण एकच स्वर दरवेळी थोडा वरखाली म्हणतो. 'बॅट' जरा वर म्हटलं की ते सैल उच्चारलेल्या 'बेट'सारखं वाटतं. मग 'बेट'चे जे उच्चार जरा वरचे असतात तेच नीट कळतात, मुलं ते उचलतात, आणि पिढ्यांमध्ये स्वर सरकतो. रिकामी जागा लागत नाही.

चौकसबुद्धी: न्यूझीलंडचं पटलं. इंग्लंडचं अर्धंच. जॉन हार्टने १५६९ मध्ये उच्चार लिहून ठेवलेत. त्यात ई फुटून 'एइ'सारखा झालाय, ऊही फुटलाय, पण 'नेम'मध्ये अजून आ आहे. तळाचा स्वर इतका मागे राहिला, तर त्याने वरच्यांना ढकललं कसं?

सुमेधा, कोल्हापूर: त्याने ढकललंच नाही. लुइकच्या मते सुरुवात मधल्या ए आणि ओपासून झाली. त्यांनी वर ई-ऊंना ढकललं आणि त्यांच्या मागे राहिलेल्या जागेत खालचे ओढले गेले. खालच्या अर्ध्यात ड्रॅग मलाही मान्य आहे.

चौकसबुद्धी: मग भांडण वरच्या अर्ध्यापुरतं उरलं. पण स्कॉटलंडमधून एवढंच दिसतं की ओशिवाय ऊ हलत नाही. आधी ओ हलला हे त्यातून कुठे सिद्ध होतं? दोघं एकदमच सरकले असतील तरी स्कॉटलंडमध्ये हेच दिसेल.

सुमेधा, कोल्हापूर: हो, हे मी नाकारत नाही. पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितांतल्या चुकीच्या स्पेलिंगवरून क्रम लावायचा प्रयत्न होतो, पण लेखनिक 'मोन'चा ओ आणि 'मूस'चा ऊ दोन्ही एकाच काळात डगमगत लिहितो. माझा कल तरीही पुशकडेच, उत्तरेतल्या त्या 'हूस'मुळे.

प्रा_निवृत्त: मी अजून दोघांशीही सहमत नाही. पुढच्या बाजूचं बोला. उत्तरेत ईच्या खाली ए होताच आणि ई फुटला, हे दोन्ही मतांत बसतं.