शबेबरात : कब्रस्तान, नफिल आणि रोजा. तुमच्याकडे नेमकं कसं करतात? (अनुभव धागा)

खाडीकाठ

शबेबरात जवळ आली की बरोबर-चूक यावरून वाद सुरू होतात आणि ज्याला प्रत्यक्ष काही करायचं आहे तो तसाच राहतो. म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय करतात, कसं करतात, कुठे चुकतं, ते लिहा. आपण कुठल्या मसलकचे हेही सांगा, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज येईल. वैयक्तिक आठवणींसाठी दुसरा धागा काढू.

सुरुवात तारखेपासून करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. आपला दिवस मग्रीबला बदलतो. शाबानच्या 14 तारखेचा सूर्य मावळला की 15वी रात्र लागते, तीच शबेबरात. रोजा त्यानंतरच्या दिवसाचा. 2025चं उदाहरण घ्या. आपल्याकडे रात्र होती गुरुवारी 13 फेब्रुवारीला मग्रीबपासून आणि रोजा होता शुक्रवारी 14ला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकाच चौकटीत ‘शबेबरात’ छापलेलं असतं. ते पाहून कुणी 14 फेब्रुवारीच्या रात्री जागतं, म्हणजे रात्र निघून गेल्यावर. शिवाय दिनदर्शिका महिनेआधी छापलेली, चंद्र मात्र रजबच्या 29ला दिसतो किंवा दिसत नाही. त्यामुळे स्थानिक चांद कमिटीने शाबानची पहिली तारीख कुठली धरली ते विचारावं आणि तिथून मोजावं.

मोमीनपुरा

हनफी, सुन्नी जमात. मी कब्रस्तानाचं लिहितो.

जायचं रात्री असलं तरी कबर शोधायला आणि साफ करायला आदल्या दिवशी असरच्या आधी जावं. रात्री गर्दीत, बॅटरीच्या उजेडात, दोन वर्षांपूर्वीची कबर ओळखू येत नाही आणि माणसं दुसऱ्यांच्या कबरींवरून चालत फिरतात. कबरीवर पाय देणं, टेकणं, ओलांडणं, हे कुठल्याच मसलकमध्ये चालत नाही. वाळलेलं गवत काढावं, हिरवं राहू द्यावं. हिरवी पात अल्लाहची तस्बीह करते, असं आपल्या फिकहच्या किताबांत आहे.

आता उभं कुठे राहायचं? आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, जराशी उत्तरेकडे कललेली. म्हणजे मय्यतचं डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला आणि चेहरा पश्चिमेकडे. पायांच्या बाजूने यायचं आणि कबरीच्या पश्चिमेला, पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं. आपली पाठ किब्ल्याला आणि समोर मरहूमचा चेहरा. आधी सलाम : ‘अस्सलामु अलैकुम या अहलल कुबूर’. मग सूरे फातिहा, ‘कुल हुवल्लाह’ तीन किंवा अकरा वेळा, जमलं तर यासीन. शेवटी सवाब बख्शून मगफिरतची दुआ. दुआसाठी हात उचलताना आमच्याकडचे पेशइमाम किब्ल्याकडे वळायला सांगतात. मागणं अल्लाहकडे आहे, कबरीतल्या माणसाकडे नाही, हे पाहणाऱ्यालाही कळावं.

मेणबत्ती आणि अगरबत्ती कबरीवर खोचू नका. शबेबरात फेब्रुवारीत आली की गवत कोरडं ठाक असतं. पेटलेली काडी कलंडली की आग सरळ शेजारच्या कबरींकडे पळते. वाट दिसावी म्हणून दिवा हवा असेल तर तो रस्त्याच्या कडेला ठेवा.

चाँदतारा

या रात्रीची इबादत हजार महिन्यांपेक्षा जास्त आहे, कुरआनात आहे. मग वाद कशाला? रात्रभर जागा आणि मागा.

खाडीकाठ

चाँदतारा भाई, ती आयत शबेकद्रची आहे, रमजानमधली. धागा शबेबरातचा आहे. ही गल्लत का होते तेही सांगतो. सूरे दुखानमध्ये ‘मुबारक रात्र’ असा उल्लेख आहे. इकरिमा या ताबईंनी तिचा अर्थ शाबानची 15वी रात्र असा लावला. बहुतेक मुफस्सिर मात्र ती शबेकद्रच मानतात, कारण कुरआन रमजानमध्ये उतरलं.

तस्बीहदाणा

नफिलबद्दल. या रात्रीची अशी वेगळी ठरलेली नमाज नाही, हे आधी लक्षात घ्यावं. ज्याला जे जमेल ते पढावं. बरेच जण सलातुत्तस्बीह पढतात आणि हमखास मोजणीत अडकतात, म्हणून तेवढंच सविस्तर लिहिते.

चार रकात, एका सलामाने. कलमा : ‘सुबहानल्लाहि वल्हम्दु लिल्लाहि व ला इलाह इल्लल्लाहु वल्लाहु अकबर’. सना पढून झाल्यावर 15 वेळा. अल्हम्द आणि सूरत झाल्यावर, रुकूत जायच्या आधी 10. रुकूत 10, रुकूतून उठून उभं असताना 10, पहिल्या सजद्यात 10, दोन सजद्यांच्या मध्ये बसून 10, दुसऱ्या सजद्यात 10. बेरीज 75, चार रकातींच्या 300. दुसऱ्या रकातीपासून उभं राहिल्याबरोबर आधी 15, मग अल्हम्द. दुसरी एक पद्धत आहे, तिच्यात किरातनंतर 15 आणि दुसऱ्या सजद्यानंतर बसून 10 असतात. बेरीज तीच येते, पण एका नमाजेत दोन्ही पद्धती मिसळल्या की हिशेब गेलाच.

रुकूतले 10 विसरलात तर रुकूतून उठल्यावर भरून काढू नका, ते उभं राहणं थोडक्यातच असतं. पहिल्या सजद्यात 20 करा. मोजायला तस्बीह हातात धरू नका. बोटं जिथे आहेत तिथेच एकेक दाबत जा, पाच आणि पाच, झाले दहा. घाई न करता अर्धा तास तरी लागतो, तेवढा धरून चला.

ज्यांच्या फर्ज नमाजा राहिल्या आहेत त्यांनी नफिलऐवजी कजा पढावी. एका दिवसाच्या कजाला वीस रकाती लागतात : फजर 2, जुहर 4, असर 4, मग्रीब 3, इशा 4 आणि वित्र 3. आणि तीनला डोळे मिटू लागले तर झोपा. रात्रभर नफिल पढून फजरची जमात चुकली, तर नफिल मिळवून फर्ज घालवल्यासारखं होतं.

सादी_वाट

अहले हदीस. आम्ही या रात्री काही वेगळं करत नाही, पण का ते नीट सांगायला हवं. ‘रात्री इबादत करा, दिवसा रोजा ठेवा’ ही हजरत अलींच्या नावाची रिवायत इब्ने माजात आहे. तिच्या सनदीत इब्ने अबी सबरा येतो आणि त्याच्यावर हदीस रचल्याचा आरोप आहे. हजरत आयशांची बकी कब्रस्तानाची रिवायत तिर्मिजीत आहे. तिर्मिजींनी तिथेच लिहिलंय की इमाम बुखारी तिला कमजोर म्हणत. मग उरते मुआज बिन जबल यांची : अल्लाह त्या रात्री सगळ्यांना माफ करतो, मुशरिक आणि मनात वैर ठेवणारा सोडून. तिला आमच्यातल्या शेख अल्बानींनीही सगळ्या सनदी मिळून सही म्हटलंय. पण त्यात नमाज, रोजा, कब्रस्तान काहीच नाही. उलट अमल करायचाच असेल तर भाऊबंदांशी तुटलेलं बोलणं त्या रात्रीआधी सुरू करा.

मोमीनपुरा

दादा, कमजोर रिवायत फजाइलमध्ये चालते, हे आमच्याकडचे उलमा मानतात. रिवायत रचलेली नसावी एवढीच अट.

सादी_वाट

अली यांच्या रिवायतीवर आरोपच तो आहे ना! इथे आपलं जुळणार नाही. चालू द्या.

खोबरं_गूळ

आमच्याकडे चण्याच्या डाळीचा हलवा असतोच. उहुदच्या लढाईत हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांचा दात शहीद झाला आणि त्यांना मऊ हलवा दिला, त्याची ही आठवण. डाळ शिजवून बारीक वाटायची, पण शिजवताना पाणी उरलं तर हलवा वडीला येत नाही, चिकट राहतो. डाळ बोटाने चेपली की फुटावी, विरघळू नये. मग साजूक तुपात मंद आचेवर, कच्चा वास जाईपर्यंत परतायची. साखर शेवटी.

खाडीकाठ

आपा, पाककृती पक्की आहे, कारण मात्र जुळत नाही. उहुदची लढाई हिजरी 3च्या शव्वालमध्ये झाली, शाबानमध्ये नाही. हलवा खाण्यात, वाटण्यात हरकत नाही. तो केला नाही तर रात्र अपुरी राहिली असं समजणं, एवढ्यालाच देवबंदी उलमा अडवतात.

सहा_बाकी

विषय थोडा माझा आहे. मागच्या रमजानचे माझे सहा रोजे बाकी आहेत. शबेबरातचा रोजा ठेवला तर दोन्ही होतं का?

तस्बीहदाणा

नियत कजाचीच करा. दिवस बरकतीचा असेल तर त्याचा सवाब अल्लाहकडून मिळेल अशी उमेद ठेवावी, दोन्हींची नियत एकत्र करायला जाऊ नका. नफिल रोज्याची नियत सकाळी उशिरापर्यंतही चालते, कजाची मात्र सुबह सादिकच्या आधी व्हावी लागते. सेहरीला उठलात आणि मनात ‘शबेबरातचा रोजा’ एवढंच होतं, तर कजा उतरली नाही.

2025च्याच तारखा धरून सांगते. शाबानची 13, 14, 15 म्हणजे 12, 13, 14 फेब्रुवारी, तीन रोजे झाले. उरलेले तीन सोमवार-गुरुवार पकडून 17, 20 आणि 24ला. रमजान 2 मार्चला लागला, म्हणजे मध्ये दमही घेता आला असता. शिवाय त्या वर्षी 15 शाबान शुक्रवारी होती. फक्त शुक्रवार निवडून नफिल रोजा ठेवू नये असं हदीसमध्ये आहे, आधीचा गुरुवार जोडला की तो प्रश्न राहत नाही.

खाडीकाठ

इथे कोकणातल्यांनी थांबून वाचावं. रत्नागिरी-रायगडचे आपण बहुतेक शाफई आणि वर लिहिलंय ते बरंचसं हनफी आहे. शाफई मजहबात शाबानची 15 उलटल्यावर नफिल रोजा ठेवता येत नाही. सूट तिघांना. कजा किंवा नजर बाकी असलेल्याला, सोमवार-गुरुवारची आधीपासून सवय असलेल्याला, आणि 15 तारखेचा रोजा ठेवून न तोडता पुढे चालू ठेवणाऱ्याला. म्हणजे 15, 16, 17 ठेवले आणि 18ला सोडला, तर 19ला नफिल ठेवता येणार नाही. सहा_बाकी आपांचे कजा रोजे आपल्याकडेही बिनघोर चालतील.

रात्रीबद्दलही आपल्या इमामांचं म्हणणं दोन्हीकडून ऐकावं. ज्या पाच रात्री दुआ कबूल होते असं आपल्यापर्यंत पोचलंय, त्यात इमाम शाफईंनी शाबानची ही रात्र धरली आहे. आणि आपल्याच मजहबाच्या इमाम नववींनी या रात्रीच्या शंभर रकातींच्या खास नमाजेला बिदअत म्हटलंय. म्हणून दुआ करा, तिलावत करा, पण व्हॉट्सअॅपवर फिरणारी शंभर रकातींची कृती करू नका.

इमामवाडा

आमचं शियांचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. आमच्याकडे 15 शाबान म्हणजे इमाम महदींची विलादत, त्यामुळे रोषणाई आणि आनंद. रात्री इमाम हुसैनची जियारत पढतात आणि अरीजा, म्हणजे इमामांना लिहिलेली अर्जी, पाण्यात सोडतात.

सहा_बाकी

सेहरीचं कळलं, शुक्रिया. आणखी एक. बायकांनी कब्रस्तानात जावं की नाही? आमच्या जमातीत फाटकावरच थांबवतात.

मोमीनपुरा

हनफींमध्येच दोन मतं आहेत. रडणं-ओरडणं नसेल, परदा असेल तर चालतं म्हणणारे आहेत आणि बरेलवी उलमा साफ मना करतात.

खाडीकाठ

शाफईंकडे मकरूह. हराम नाही.

सादी_वाट

‘मी जियारतीला मना केलं होतं, आता जा’ ही हदीस सगळ्यांसाठी आहे, असं आमच्यातलेही काही म्हणतात. सगळे नाही.

सहा_बाकी

म्हणजे फाटकावरूनच सलाम करावा लागणार.

तस्बीहदाणा

घरी बसून पढलेलंही बख्शता येतं, ताई. दुआला फाटक नाही. पण आदल्या दिवशी साफसफाईला कुणी जाणार असेल, तर कबर कुठल्या झाडाच्या कुठल्या बाजूला आहे ते त्याच्याकडून लिहून घ्या. घरातल्या बायकांनाही ते माहीत असावं.